पेन उचलायला सर्व्हो, गाडी ओढायला स्टेपर

कॅमेरा सरकवणारा स्लायडर घरी बनवायला घेतला की पहिला मोह होतो तो छोट्या निळ्या सर्व्होचा. एसजी ९० नावाची ही मोटर शे-दीडशे रुपयांत मिळते. तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तीन वायरी जोडल्या की सांगितलेल्या कोनात जाऊन उभी राहते. अडचण एवढीच की ती साधारण १८० अंशांतच फिरते. कॅमेऱ्याची गाडी ओढायला बहुतेक जण जीटी-२ प्रकारचा दातेरी पट्टा आणि २० दात्यांची पुली वापरतात. या पट्ट्याचे दाते २ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे पुलीच्या एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर सरकते आणि सर्व्होच्या अर्ध्या फेऱ्यात जेमतेम २०. रूळ मात्र ६० सेंटिमीटरचा! अखंड फिरणारे सर्व्होही मिळतात, पण त्यांना फक्त वेग सांगता येतो. गाडी नेमकी कुठे आहे, हे मग कळत नाही.

स्टेपरचा हिशेब सरळ असतो. थ्रीडी प्रिंटरमध्ये दिसणारी नेमा १७ आकाराची नेहमीची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. वरच्याच पुलीवर एक पाऊल म्हणजे ०.२ मिलिमीटर. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले, तर एका मिलिमीटरला ८० सूक्ष्म पावले पडतात. जीआरबीएल या प्रणालीत एक्स अक्षासाठी हाच आकडा भरावा लागतो:

```
$100=80
```

आता समजा, ढगांचा टाइमलॅप्स करायचा आहे आणि ६० सेंटिमीटरचे ३०० टप्पे पाडायचे आहेत. दर फोटोमागे गाडी २ मिलिमीटर सरकेल, म्हणजे बरोबर १० पूर्ण पावले. हा योग सोडू नये. पूर्ण पावलावर मोटर घट्ट उभी राहते. एका सूक्ष्म पावलाला मात्र तिचा जोर फार थोडा असतो आणि रूळ थोडा जड चालत असेल, तर पहिली काही सूक्ष्म पावले गाडी जागची हलतही नाही. गाडी सरकवावी, हेलकावा थांबू द्यावा, मगच शटर दाबावे.

व्हिडिओला उलट नियम लागतो. तेच अंतर २० सेकंदांत कापायचे, तर सेकंदाला १५० पूर्ण पावले पडतात आणि प्रत्येक पावलाचा धक्का चित्रात थरथर होऊन उतरतो, आवाज माइकमध्ये जातो. तिथे सूक्ष्म पावले हवीतच. टीएमसी २२०९ सारखा शांत ड्रायव्हर थोडा महाग पडतो, पण तो घ्यावा.

स्टेपरचा खरा दोष असा, की त्याचे पाऊल चुकले तरी त्याला पत्ता नसतो. कंट्रोलर पावले मोजत राहतो आणि गाडी मागेच अडकलेली असते. शिवाय हा उभ्याउभ्याही वीज खातो. मोटर तापते, आणि तिचा पाट पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला असेल, तर ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडून वाकू लागतो. स्लायडर तिरका लावला असेल, तर वीज जाताच कॅमेरा खाली घसरू शकतो.

छोट्या प्लॉटरमध्ये मात्र दोघांनाही काम आहे. एक्स आणि वाय अक्ष स्टेपरकडे आणि पेन उचलणे सर्व्होकडे, ही वाटणी अ‍ॅक्सिड्रॉमध्येही दिसते. पेनला वर आणि खाली अशा दोनच जागा असतात, पाच-दहा अंशांत काम भागते. पेन स्वतःच्या वजनाने कागदावर टेकावे आणि सर्व्होने ते फक्त उचलावे, अशी रचना केली की कागद थोडा उंचसखल असला तरी रेघ तुटत नाही. सर्व्होला वीज कंट्रोलरच्या पाच व्होल्टच्या पिनवरून न देता वेगळी द्यावी, ग्राउंड तेवढा एकच ठेवावा. नाहीतर पेन उचलताना विजेचा झटका बसतो आणि चित्र अर्ध्यावर असताना कंट्रोलर रीसेट होतो.

सगळेच सर्व्होंवर चालवून बघायचे असेल, तर ब्रॅकिओग्राफ हा खुला प्रकल्प आहे. त्यात दोन सर्व्हो हातासारखे दोन सांधे फिरवतात, तिसरा पेन उचलतो. स्वस्त सर्व्होच्या गिअरमध्ये एका अंशाचीही ढिलाई असली, तर १५ सेंटिमीटरच्या हाताच्या टोकाला ती अडीच मिलिमीटरहून जास्त होते. त्यातल्या चित्रांच्या रेघा थरथरत्या असतात. कुणाला त्या आवडतातही, पण नकाशा काढायला त्या कामाच्या नाहीत.

प्लॉटरचे पाऊल चुकते का, हे तपासायला एकच चौकोन दहा वेळा एकावर एक काढावा. रेघा सगळीकडे थोड्या जाड झाल्या, तर पेन किंवा पट्टा सैल आहे. चौकोन एखाद्या फेरीनंतर बाजूला सरकला आणि तिथेच राहिला, तर पावले गेली. मग वेगवाढ कमी करावी किंवा ड्रायव्हरचा करंट थोडा वाढवावा. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर मात्र काढू नये, तो जळतो.

एन्कोडर लावलेला औद्योगिक सर्व्हो चूक स्वतः ओळखून दुरुस्त करतो. जड सिनेकॅमेरा वेगाने पळवायचा असेल, तर त्याचे पैसे वसूल होतात. मात्र त्याचे ट्यूनिंग नीट जमले नाही, तर तो थांबल्यावरही मागेपुढे गुणगुणत राहतो. ए-फोर कागदावर पेन फिरवायला एवढा खटाटोप नको.