नफा ४० लाखांचा ३८ लाख कसा झाला? एका स्लाइडवरचा ताळा

मार्च संपला, हिशेब लागले आणि अकाउंटंटने शेठजींसमोर कागद ठेवला. गेल्या वर्षी नफा ४० लाख, यंदा ३८ लाख. शेठजी कागदाकडे बघतच राहिले. "अहो, माल जास्त विकला, भावही वाढवला. मग नफा कमी कसा?"

असा प्रश्न कोणत्याही धंद्यात येतो. आपण फरसाणाचा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणू. त्याचे आकडे इथे समजावण्यापुरते, सोपे करून घेतले आहेत. शेठजींच्या प्रश्नाचं उत्तर एका चित्रात देता येतं. ऑफिसात त्याला वॉटरफॉल चार्ट म्हणतात, फायनान्सची माणसं नुसतंच 'ब्रिज' म्हणतात. डावीकडे गेल्या वर्षीच्या नफ्याचा उभा खांब, उजवीकडे यंदाचा. मध्ये हवेत तरंगणाऱ्या पायऱ्या, काही वर नेणाऱ्या, काही खाली आणणाऱ्या. प्रत्येक पायरी आधीची जिथे संपली तिथूनच सुरू होते. नावात धबधबा असला तरी घडण जिन्याची आहे.

पायऱ्या काढणं संगणकाचं काम आहे. कोणत्या पायऱ्या काढायच्या, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं, आणि बहुतेक स्लाइडी तिथेच फसतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन वर्षांची नफा-तोटा पत्रकं शेजारी ठेवायची आणि ओळीतून ओळ वजा करायची. आपल्या कारखान्याची विक्री ४०० लाखांवरून ४६२ लाखांवर गेली, म्हणजे ६२ लाख वर. कच्चा माल २६० लाखांवरून ३१२.४ लाख, म्हणजे ५२.४ लाख खाली. मजुरी ८ लाखांनी वाढली आणि वीज, भाडं, व्याज वगैरे इतर खर्च ३.६ लाखांनी. बेरीज केली की उणे २ लाख येतात. ताळा जुळतो, चार्ट निघतो. पण शेठजींचा प्रश्न तसाच राहतो. कच्च्या मालाचा खर्च ५२ लाखांनी वाढला तो माल महागला म्हणून, की फरसाण जास्त केलं म्हणून? जास्त फरसाण केलं तर बेसन जास्त लागणारच, त्याला महागाई म्हणता येत नाही. विक्रीच्या ६२ लाखांचंही तेच. त्यात भाववाढ किती आणि जास्तीचे किलो किती, हे त्या पायरीवरून कळत नाही.

म्हणून पत्रकातून एक पायरी खाली, किलोपर्यंत उतरावं लागतं. २०२३-२४ मध्ये कारखान्याने २ लाख किलो फरसाण २०० रुपये किलोने विकलं. बेसन, तेल, मसाला, पिशवी मिळून किलोला १३० रुपये लागले. म्हणजे मजुरी आणि इतर खर्चाआधी किलोमागे ७० रुपये सुटले. २०२४-२५ मध्ये २ लाख २० हजार किलो माल २१० रुपयांनी गेला, पण किलोचा माल-खर्च १४२ रुपये झाला. त्या वर्षी तेल महागण्याचं एक कारण सर्वांनाच माहीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. फरसाणवाल्यांच्या कढईपर्यंत त्याची झळ पोचली.

आता पायऱ्या मांडता येतात. जास्तीचे २० हजार किलो जुन्या हिशेबाने, म्हणजे किलोमागे ७० रुपये सुटून विकले गेले असते तर १४ लाख मिळाले असते. ही पहिली पायरी, वर. भाव १० रुपयांनी वाढला, तो यंदाच्या सगळ्या २ लाख २० हजार किलोंवर मिळाला, म्हणून २२ लाख वर. माल-खर्च १२ रुपयांनी वाढला, तोही तेवढ्याच किलोंवर, म्हणून २६.४ लाख खाली. मग मजुरीचे ८ आणि इतर ३.६ लाख खाली. एकूण पुन्हा उणे २. बेरीज तीच राहिली, पण आता प्रत्येक पायरीला एक कारण आहे.

यात एक बारीक मेख आहे. भाववाढ यंदाच्या किलोंनी गुणायची की गेल्या वर्षीच्या? गेल्या वर्षीच्या २ लाख किलोंनी गुणली तर भावाची पायरी २० लाख होते आणि माल-खर्चाची २४ लाख. मग जास्तीच्या किलोंची किंमत यंदाच्या सुटण्याने, म्हणजे ६८ रुपयांनी धरायची, तेव्हा ती १३.६ लाख येते. दोन्ही पद्धतींत या तिन्ही पायऱ्यांची गोळाबेरीज ९.६ लाखच आहे. कोणतीच चूक नाही. चूक होते ती दोन्हींची सरमिसळ केली की, कारण मग ताळा तुटतो. शिवाय यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरी पद्धत वापरली तर दोन स्लाइडींची तुलना करता येत नाही. एक पद्धत धरायची आणि स्लाइडच्या तळाशी एका ओळीत ती लिहून टाकायची.

हे आकडे एक्सेलमध्ये असे बसतात:

```
     A               B
2    2023-24 नफा     40
3    जास्त विक्री       14
4    भाववाढ          22
5    कच्चा माल       -26.4
6    मजुरी           -8
7    इतर खर्च        -3.6
8    2024-25 नफा     38
```

चार्ट काढण्याआधी शेजारच्या एका रिकाम्या चौकटीत ताळ्याचं सूत्र टाकून ठेवावं:

```
=ROUND(B2+SUM(B3:B7)-B8,2)
```

उत्तर शून्य आलंच पाहिजे. नाही आलं तर जुन्या मुनीमजींची युक्ती वापरा, फरकाचा निमा करा. समजा मजुरी 'वाढली' म्हणून कुणी उणे चिन्ह न देता नुसते ८ टाकले, तर चौकटीत १६ दिसतील. त्याचा निमा ८, म्हणजे आठाच्या आकड्याचं चिन्ह तपासायचं. खर्च वाढला की नफ्याची पायरी खाली जाते, ही गोष्ट घाईत सगळ्यात जास्त विसरली जाते.

ताळा जुळला की A2 ते B8 निवडून Insert मधून Waterfall घ्यायचा. हा चार्ट एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून तयार मिळतो. पहिल्यांदा निघालेलं चित्र मात्र चुकीचं असतं. संगणकाला शेवटचे ३८ हीसुद्धा एक वाढच वाटते, म्हणून तो खांब जमिनीवरून न उठता ३८ च्या उंचीवर तरंगत ७६ ला टेकतो. शेवटचा खांब हवेत दिसला की समजायचं, त्याला बेरीज ठरवायचं राहिलं आहे. त्यावर एकदा क्लिक केलं की सगळे खांब निवडले जातात, पुन्हा क्लिक केलं की तो एकटा. मग उजवं क्लिक करून Set as Total निवडायचं, की खांब जमिनीवर येतो. पहिल्या खांबालाही तसंच करायचं. तो जागेवरच असतो, पण आता दोन्ही वर्षांच्या खांबांचा रंग एक होतो आणि पायऱ्या त्यांच्यापासून वेगळ्या उठून दिसतात.

ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे ते एकावर एक रचलेल्या खांबांचा चार्ट वापरून खालचा भाग अदृश्य करतात. भाववाढीच्या पायरीखाली ५४ चा खांब आणि त्याला No fill. कच्च्या मालाची पायरी ७६ वरून खाली येते, म्हणून तिच्याखालचा अदृश्य खांब ४९.६ चा. नफा शून्याच्या खाली जात नाही तोवर हे जमतं. मध्येच एखादी पायरी तोट्यात उतरली, की तिचे शून्याच्या वर आणि खाली असे दोन तुकडे वेगळे मांडावे लागतात. नाही तर चित्र खोटं दिसतं.

खोटं दिसण्याचा आणखी एक रस्ता उभ्या अक्षातून जातो. पायऱ्या मोठ्या दिसाव्यात म्हणून कुणी अक्ष शून्याऐवजी ३० पासून सुरू केला, तर गेल्या वर्षीच्या खांबाची उंची १० उरते आणि यंदाच्या खांबाची ८. नफा ५ टक्क्यांनी घटला आहे, पण डोळ्यांना तो २० टक्क्यांनी घटल्यासारखा वाटतो. मोठ्या कंपन्यांत नफा हजारो कोटींत आणि फरक दहा-वीस कोटींचा असतो. तिथे टोकाचे खांब कापावेच लागतात, पण कापल्याची खूण खांबावर ठळक काढायला हवी. आपल्या कारखान्याला अशी गरज नाही.

पायऱ्यांचा क्रमही उगाच लावलेला नाही. भाववाढ आणि कच्चा माल शेजारी ठेवले, कारण शेठजींना हीच तुलना करायची आहे. किती वर चढलो आणि लगेच किती खाली आलो, हे नजरेला एका झटक्यात कळतं. 'इतर खर्च' शेवटी आहे आणि सगळ्यात छोटा आहे. 'इतर' सर्वांत मोठा असेल, तर काम अर्धंच झालंय असं समजून त्याची फोड करावी. प्रत्येक आकड्याला अधिक-उणे चिन्ह द्यावं, कारण कागद काळ्या-पांढऱ्यात छापला की लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात. 'नफ्याचे विश्लेषण' या मथळ्याने काहीच कळत नाही. मथळ्यात निष्कर्षच लिहावा: 'भाव किलोमागे १० रुपयांनी वाढला, माल-खर्च १२ रुपयांनी, नफा २ लाखांनी कमी.'

या चित्रालाही मर्यादा आहे. त्यात जास्त विक्रीची पायरी आणि भाववाढीची पायरी जणू एकमेकींना ओळखतच नाहीत. प्रत्यक्षात भाव वाढला म्हणून काही गिऱ्हाईक तुटलं असेल, आणि भाव तसाच ठेवला असता तर आणखी माल गेला असता. झालेल्या नफ्याची वाटणी ब्रिज दाखवतो. न झालेल्या विक्रीची पायरी त्यात नसते.

आता शेठजींना उत्तर देता येतं. माल जास्त विकला हे खरं, भाव वाढवला हेही खरं. पण किलोमागे सुटणारे पैसे ७० वरून ६८ रुपयांवर आले. विक्रीतून आलेल्या जादा ९.६ लाखांवर मजुरी आणि इतर खर्चाचे ११.६ लाख भारी पडले. किलोला आणखी २ रुपये लावले असते आणि तेवढाच माल गेला असता, तर ४.४ लाख जास्त मिळून नफा ४२.४ लाख झाला असता. तेवढाच माल गेला असता का, हे मात्र शेठजींना बाजारातच विचारावं लागेल.