ऑनलाइन ग्रीन बीन्स घेताय? ग्रेडच्या नावावर जाऊ नका

गेल्या ऑगस्टमध्ये मी घरी रोस्ट करायला चिकमगळूरची कच्ची कॉफी ऑनलाइन मागवली. लेबलवर 'प्लांटेशन ए' लिहिलेलं, भाव बरा, म्हणून एकदम पाच किलो घेतली. रोस्ट केल्यावर काही दाणे काळे, काही फिक्के, आणि कपात गोणपाटाचा वास. चूक माझीच. मी विक्रेत्याला काहीच विचारलं नव्हतं.

पहिली गोष्ट आकार. 'ए' म्हणजे चव नाही, फक्त दाण्याचा आकार. चाळणीचा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. 'ए'साठी 17 नंबरची चाळणी, म्हणजे साधारण पावणेसात मिलिमीटर. मी नंतर न निवडता शंभर दाणे काढून व्हर्नियरने त्यांची रुंदी मोजली (लांबी नाही, कारण चाळणीत दाणा रुंदीवर अडतो). जेमतेम 58 दाणे मापात बसले. लहान दाणे आधी भाजतात, मोठे मागे राहतात, म्हणून रंग असा फुटला. दाणा मोठाच हवा असं नाही, सारखा हवा.

दुसरी गोष्ट ओलावा. 10 ते 12 टक्के ठीक. आता हिशोब करा: 11 टक्के ओलाव्याच्या किलोत 890 ग्रॅम सुका माल असतो, 14 टक्क्यांच्या किलोत 860 ग्रॅम. म्हणजे किलोमागे 30 ग्रॅम जास्तीच्या पाण्याचे पैसे आपण भरतो, वर बुरशीची भीती वेगळीच. विक्रेत्याकडून मीटरचं रीडिंग तारखेसकट मागा. मार्चचं रीडिंग ऑगस्टमध्ये कामाचं नाही, कारण साध्या गोणीतला माल पावसाळ्यात ओलावा ओढतो. घरी दाणा चावून बघा. टणक लागला तर बरं, दात सहज रुतला तर माल ओला. मॉन्सून्ड मलबारला मात्र हा नियम लावू नका, तो मुद्दाम दमट हवेत फुगवलेला असतो.

तिसरी गोष्ट ताजेपणा. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. त्यामुळे 'फ्रेश स्टॉक' या शब्दावर न थांबता कुठल्या हंगामाचा माल आहे ते विचारा. आतून हवाबंद लायनर असलेल्या पोत्यात, थंड जागी ठेवलेली धुतलेली कॉफी वर्षभर तरी बरी राहते. नुसत्या गोणीत ती लवकर उतरते. हिरवट-निळसर रंग पिवळट पांढरा होतो आणि कोवळ्या गवताचा वास जाऊन कागदाचा, गोणीचा येतो. माझ्या मालाचं तेच झालं होतं.

आता मी आधी एक किलोच मागवतो. आल्या आल्या वास घेतो, शंभर दाणे मोजतो, थोडा माल रोस्ट करून पितो, आणि मगच त्याच लॉटमधला बाकीचा माल बुक करतो. तेव्हाच हे केलं असतं, तर चार किलोचे पैसे वाचले असते.