खात्यात पैसे असूनही विजेचं बिल परत

समजा, नाशिकची एक मुलगी एम.एस्सी.साठी ब्रिटनमध्ये लीड्सला गेली आहे. तिथे तिने बँकेत करंट अकाउंट उघडलं. आपल्याकडे चालू खातं म्हटलं की दुकानदार, व्यापारी आठवतात; तिकडे पगार, घरभाडं, किराणा सगळं याच खात्यातून होतं. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट हाती आलं आणि त्यात ५ ऑक्टोबरच्या तीन नोंदी दिसल्या. जिमचे २४.९९ पौंड गेले. विजेचे ७२ पौंड गेले. आणि लगेच खाली तेच ७२ पौंड परत जमा, शेजारी UNPAID असा शेरा. दिवसअखेरची शिल्लक १६१.४१ पौंड. म्हणजे पैसे होते, तरी बँकेने बिल परत धाडलं. घरी फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न हाच असणार : "अगं, बॅलन्स तर आहे, मग बाउन्स कसं झालं?"

याचं उत्तर स्टेटमेंटमध्ये सापडत नाही, कारण कारणीभूत ठरलेली रक्कम तिथे छापलेलीच नसते.

सप्टेंबरअखेर ही मुलगी मैत्रिणींबरोबर एडिनबरोला जाऊन आली होती. खोलीचं भाडं आधीच भरलेलं होतं, पण हॉटेलच्या काउंटरवर डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं आणि तिने डेबिट कार्ड पुढे केलं. हॉटेलने तिचे शंभर पौंड घेतले नाहीत, फक्त अडवून ठेवले. याला होल्ड म्हणतात. पैसे तिच्याच खात्यात राहतात, शिल्लकही तेवढीच दिसते. पण तेवढी रक्कम तिला वापरता येत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती Pending या मथळ्याखाली दिसते. स्टेटमेंटमध्ये मात्र पुरे झालेले व्यवहारच येतात, त्यामुळे होल्डला तिथे जागाच नाही.

आता हिशेब मांडून पाहू. शुक्रवारी, २ ऑक्टोबरला खात्यात १८६.४० पौंड होते. त्यातले शंभर अडकलेले, म्हणजे वापरण्याजोगे ८६.४०. अ‍ॅपमध्ये हा आकडा Available balance म्हणून वेगळा दाखवतात, पण नजर जाते ती मोठ्या आकड्याकडे. जिम आणि वीज दोन्हींची तारीख ३ होती, नेमका शनिवार. डायरेक्ट डेबिट बँकेच्या कामाच्या दिवशीच वळतं होतं, म्हणून दोन्ही सोमवारी पहाटे एकदम आले. जिमचे आधी गेले आणि वापरण्याजोगे ६१.४१ उरले. विजेला हवे होते ७२. अवघे १०.५९ पौंड कमी पडले.

अशा वेळी बँक दुपारी पुन्हा एकदा प्रयत्न करते. मुदतीची नेमकी वेळ बँकेगणिक वेगळी, पण साधारण दुपारी दोन-अडीचच्या सुमारास असते, आणि पैसे कमी पडत असल्याचा मेसेजही सकाळी येतो. भारतातून पाठवलेले पैसे तेवढ्या वेळात पोचण्याची खात्री नाही. तिथल्याच एखाद्या मैत्रिणीने अ‍ॅपवरून अकरा पौंड टाकले असते तर ते बहुधा मिनिटभरात जमा झाले असते आणि UNPAID हा शेरा आलाच नसता. नवख्या विद्यार्थ्याला सकाळच्या त्या मेसेजचा अर्थच लागत नाही, तिथे घोडं अडतं.

ओव्हरड्राफ्ट असता तर? नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला बँक सहसा तो देत नाही. बिनव्याजी ओव्हरड्राफ्टची विद्यार्थी खाती बहुतेक करून काही वर्षं तिथे राहिलेल्यांसाठी असतात. मिळाला तर त्याचा खर्च कळायला हवा. एप्रिल २०२० पासून तिथल्या वित्तीय नियामकाने ओव्हरड्राफ्टवरची रोजची, महिन्याची ठरावीक फी बंद केली. आता फक्त वार्षिक दराने व्याज, आणि बँकेला न विचारता खातं उणे गेलं तरी त्याहून जास्त दर लावता येत नाही. त्याआधी परवानगीविना शंभर पौंड उणे गेलं तर दिवसाला पाच पौंडांपर्यंत फटका बसत असे. नव्या नियमानंतर बऱ्याच बँकांनी दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेला. ऐकायला तो सावकारी वाटतो, आणि वर्षभर ठेवलं तर आहेच. पण ३९.९ टक्क्यांनी शंभर पौंडांना दिवसाला नऊ पेन्सच्या आसपास पडतात, आठवड्याला पासष्टच्या जवळपास. आपल्या उदाहरणात तर साडेदहा पौंडच उणे गेले असते, म्हणजे दिवसाला एक पेनी. या प्रकरणात बँकेच्या व्याजापेक्षा वीज कंपनीची उशिराची फी जास्त बोचते.

डायरेक्ट डेबिट हे प्रकरण आपल्या ओटीपीला सरावलेल्या माणसाला जरा धास्तावणारंच आहे. खातेक्रमांक आणि बँक-शाखेचा सहा आकडी सॉर्ट कोड दिला की कंपनी आपणहून रक्कम ओढू शकते, आणि ती रक्कम दर महिन्याला वेगळीही असू शकते. २००८ साली टीव्ही निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी 'खातेक्रमांक कळला म्हणून काही बिघडत नाही' हे दाखवायला आपले बँकेचे तपशील वर्तमानपत्रात छापले. कुणीतरी त्यांच्या खात्यातून एका मधुमेहविषयक धर्मादाय संस्थेला पाचशे पौंडांचं डायरेक्ट डेबिट सुरू करून दिलं, आणि चूक झाल्याचं त्यांना जाहीरपणे मान्य करावं लागलं.

या सैलपणाला उतारा म्हणजे डायरेक्ट डेबिट गॅरंटी. चुकीची रक्कम, चुकीची तारीख किंवा आपण न दिलेला आदेश असेल, तर आपली बँक पूर्ण रक्कम ताबडतोब परत करते. कंपनीच्या मागे धावावं लागत नाही. रक्कम किंवा तारीख बदलायची असेल तर कंपनीला आगाऊ कळवावं लागतं, साधारण दहा कामाचे दिवस आधी. मात्र ही हमी पैसे वळते करण्यातल्या चुकीपुरती आहे. जिमचा वर्षाचा करार केला आणि तिसऱ्या महिन्यात अ‍ॅपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट रद्द केलं, तर पैसे जायचे थांबतात, करार थांबत नाही. थकबाकीचं पत्र घरी येतं.

हॉटेलचं डिपॉझिट गरजेपेक्षा जास्त पैसे अडवतं. लंडनच्या ट्यूबमध्ये नेमकं उलटं होतं. फाटकाला कार्ड टेकवताना पूर्ण भाडं कापलं जात नाही. दिवसभराच्या प्रवासाचा हिशेब रात्री लागतो आणि रक्कम नंतर खात्यात पडते. म्हणून लंडनला फिरून आल्यावर रात्री अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नये.

आता लीड्सच्या मुलीने करायचं काय? होल्ड बँक आपल्या मर्जीने सहसा सोडत नाही. तो हॉटेलने सोडावा लागतो, नाहीतर मुदत संपली की आपोआप गळून पडतो. मुदत बरेचदा आठवडाभराची असते, हॉटेलच्या बाबतीत त्याहून लांबूही शकते. त्यामुळे फोन आधी हॉटेलला करावा, खोली सोडल्याची तारीख सांगावी आणि रक्कम मोकळी केल्याचं ई-मेलवर मागून घ्यावं. तो ई-मेल बँकेला दाखवता येतो. पुढच्या वेळी डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड असेल तर ते द्यावं. त्यात मर्यादा अडकते, भाड्याचे आणि बिलाचे पैसे अडकत नाहीत.

वीज कंपनीला त्याच दिवशी विचारावं की ती रक्कम पुन्हा ओढणार आहे का, आणि कधी. अनेक कंपन्या काही दिवसांनी दुसरा प्रयत्न करतात. घाईने कार्डावरून ७२ पौंड भरून टाकले आणि आठवड्याने तेच बिल डायरेक्ट डेबिटनेही गेलं, तर एका बिलाचे १४४ पौंड जातात. तसं झालंच, तर जादाचे ७२ कंपनीकडे मागावे, आणि ती टाळाटाळ करू लागली तर बँकेत गॅरंटीखाली दावा करावा.