लिहिलं नाही, म्हणजे नाही असं नव्हे

काल भाची बँक परीक्षेच्या पात्रतेच्या प्रश्नावर अडली.

अटी अशा: पदवीला किमान 60 टक्के, वय 21 ते 30, दोन वर्षांचा अनुभव. पदवीला गुण कमी, पण पदव्युत्तरला किमान 65 टक्के असतील आणि बाकी अटी पूर्ण असतील, तर प्रकरण महाव्यवस्थापकांकडे.

उमेदवार: पदवी 57, पदव्युत्तर 68, वय 26. अनुभवाचा उल्लेखच नाही.

भाचीने ‘महाव्यवस्थापकांकडे’ निवडलं. बरोबर उत्तर ‘माहिती अपुरी’. सवलत फक्त गुणांना आहे. अनुभव तपासता आलेलाच नाही.

मात्र वय 34 असतं, तर तो थेट अपात्र. वयाला सवलत नाही, त्यामुळे अनुभव कळूनही निकाल बदलला नसता. म्हणून मी आधी सवलत नसलेल्या अटी तपासते.

तुमचा अडलेला प्रश्न कमेंटमध्ये टाका, सोडवून बघू.