एक डोळा उघडा

पाहुण्याच्या घरी किंवा लॉजवर पहिल्या रात्री झोप लागत नाही. गादी मऊ असते, पंखा चालू असतो, तरी बाहेर कुणाच्या चपलेचा आवाज झाला की डोळे उघडतात. दुसऱ्या रात्री मात्र माणूस तिथेच ढाराढूर झोपतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली याचं कारण मेंदूत शोधलं. नव्या जागी पहिल्या रात्री डाव्या अर्ध्या मेंदूचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीक आवाजालाही तोच जास्त दचकतो. दुसऱ्या खेपेला हा फरक उरत नाही. म्हणजे अनोळखी घरात आपण आपल्यापुरता एक राखणदार जागा ठेवतो. पण हा फारच कच्चा राखणदार आहे. हे काम पक्कं कसं करतात ते पाहायचं तर डॉल्फिनकडे जावं लागतं.

आधी त्याची अडचण समजून घ्यायला हवी. आपण झोपलो तरी श्वास चालू राहतो, त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. डॉल्फिनचं तसं नाही. त्याचं नाक डोक्याच्या वर असतं आणि त्यावर झडप असते. पाण्याबाहेर येऊन ती उघडायची, श्वास घ्यायचा आणि बुडण्याआधी मिटायची, हे सगळं त्याला स्वतः करावं लागतं. 1955 साली जॉन लिली यांनी डॉल्फिनच्या मेंदूचा अभ्यास करण्यासाठी त्यांना भूल द्यायचा प्रयत्न केला. कुत्र्यामांजरांना जे औषध चालतं तेच दिलं. डॉल्फिन बेशुद्ध झाले, त्यांचा श्वास थांबला आणि ते मेले. एवढी मोठी किंमत मोजून कळलं ते इतकंच, की हा प्राणी पुरता बेशुद्ध झाला तर संपतो. मग तो झोपतो तरी कसा?

डॉल्फिन बऱ्याचदा एकच डोळा मिटून पडतो, हे पुढे लिलींच्याच लक्षात आलं. पण डोळा मिटणं म्हणजे झोप नव्हे, हे व्याख्यानाला बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. खरा पुरावा मेंदूतूनच यायला हवा होता आणि तो सोव्हिएत संशोधक लेव मुखामेतोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली छापला. त्यांनी काळ्या समुद्रातल्या डॉल्फिनच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि दोन्ही अर्ध्यांच्या विद्युत लहरी एकाच वेळी नोंदवल्या. त्या कागदाची कल्पना करून पाहा. मेंदू जागा असतो तेव्हा लहरी बुटक्या, घाईच्या, दाट असतात. गाढ झोपेत त्या उंच आणि संथ होतात, भरतीच्या लाटांसारख्या. माणूस झोपला की दोन्ही बाजूंच्या रेघा एकदमच संथ होतात. इथे मात्र एका रेघेवर गाढ झोपेच्या उंच लाटा होत्या आणि तिच्या शेजारची रेघ टक्क जागी होती. कवटी एक, प्राणी एक, पण अर्धा झोपलेला आणि अर्धा पहाऱ्यावर. काही वेळाने पहारा बदलतो. बाजूंची अदलाबदल होते आणि आधी जागणारा अर्धा मेंदू झोपी जातो. दिवसभरात प्रत्येक अर्ध्याच्या वाट्याला साधारण चार तास येतात.

डोळ्यांचा हिशेब याच्या उलटा असतो, कारण डाव्या डोळ्याची नस उजव्या मेंदूत जाते आणि उजव्याची डाव्यात. म्हणून उजवा मेंदू झोपला की बहुतेक वेळा डावा डोळा मिटतो. उघडा डोळा शार्क शोधत असतो असं आपण सहज धरून चालतो. पण पॅसिफिक महासागरातल्या एका जातीच्या डॉल्फिनांचं निरीक्षण केलं तेव्हा विश्रांती घेताना त्यांचा उघडा डोळा बरेचदा कळपातल्या सोबत्यांकडेच वळलेला दिसला. म्हणजे काळजी शत्रूची कमी, चुकामूक होण्याची जास्त. यात्रेत लेकराचा हात धरून पेंगणाऱ्या आईचा डोळाही असाच असतो.

या कथेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रयोग याच सोव्हिएत परंपरेतला, 1992 साली छापलेला. संशोधकांनी डॉल्फिनच्या एकाच अर्ध्या मेंदूला झोपू द्यायचं नाही असं ठरवलं. त्या बाजूच्या रेघेवर संथ लाटा दिसू लागल्या की त्याला जागं करायचं. दुसरी बाजू झोपली तर झोपू द्यायची. पुढे मोकळीक मिळाल्यावर काय झालं? ज्या अर्ध्याची झोप तुटली होती, तोच अर्धा जास्त झोपला. दुसऱ्याने उधारी फेडायला मदत केली नाही. आपण 'मला झोप आली' म्हणतो तेव्हा हा 'मला' एकसंध आहे असं गृहीत धरतो. डॉल्फिनच्या डोक्यात मात्र झोपेची दोन स्वतंत्र खाती आहेत, आणि एकातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही.

या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र हरवलेली दिसते. आपल्याला रात्री जी ठसठशीत स्वप्नं पडतात, ती बहुतांशी झोपेच्या एका खास टप्प्यात. त्याला रेम झोप म्हणतात. त्या वेळी बुबुळं पापणीखाली भराभर फिरतात आणि अंगातले स्नायू लुळे पडतात. डॉल्फिनमध्ये या टप्प्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. सतत पोहत राहून श्वासासाठी वर यायचं असेल तर लुळं पडून कसं चालेल?

आणि इथे जिराफ गोष्टीत येतो, कारण त्याची पंचाईत नेमकी या लुळेपणाशी आहे. जिराफ उभ्याउभ्या पेंगतो. पाय दुमडून बसतो तेव्हाही मान खांबासारखी ताठ ठेवून झोपू शकतो. पण रेम झोप लागली की जवळजवळ दोन मीटरची ती मान धरून ठेवणारं कुणी उरत नाही. म्हणून तो मान मागे वळवतो आणि डोकं स्वतःच्याच पुठ्ठ्यावर किंवा त्याच्या शेजारी जमिनीवर टेकवतो. बाजूने पाहिलं तर मानेची अगदी कपाच्या कानासारखी कमान दिसते. ही अवस्था काही मिनिटंच टिकते, मग मान पुन्हा वर.

'जिराफ दिवसात अर्धाच तास झोपतो' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्या मते ते बहुधा या मान टाकलेल्या झोपेवरून आलं असावं, कारण लांबून पाहणाऱ्याला हीच झोप झोपेसारखी दिसते. आयरीन टोबलर आणि बी. श्वीरिन यांनी 1996 साली छापलेल्या अभ्यासात प्राणिसंग्रहालयातल्या पाच प्रौढ आणि तीन लहान जिराफांवर 152 रात्री नजर ठेवली. उभ्याची आणि बसल्याची झोप धरून हिशेब केला तेव्हा आकडा निघाला दिवसाला 4.6 तास. माणसाच्या मानाने थोडाच, पण अर्ध्या तासाच्या दंतकथेच्या नऊपट.

अर्थात तिथे कुंपण होतं आणि सिंह नव्हता. आफ्रिकेच्या माळावर बसलेल्या जिराफाला उठायचं असेल तर आधी मान मागे घ्यायची, मग जोराने पुढे झोकायची, पुढचे पाय गुडघ्यांवर आणायचे, पुन्हा मानेचा झोका देऊन मागचा भाग उचलायचा आणि शेवटी पुढचे पाय सरळ करायचे. एवढं सगळं आटोपेपर्यंत सिंहाला पुरेसा वेळ मिळतो. त्यामुळे मान पुठ्ठ्यावर टाकून मिळणारी ती चार-पाच मिनिटं जिराफासाठी फार महागाची आहेत, आणि तरीही तो ती घेतोच.