दाराखालची फट

जुन्या वाड्यांतील दाराच्या चौकटीला चार बाजू असत. चौथी बाजू म्हणजे उंबरठा. सदनिकांच्या बांधकामात ही चौथी बाजू हळूहळू नाहीशी झाली. दिवाणखान्यापासून शयनगृहापर्यंत फरशी सलग, केर काढणे सोपे, चाकांची खुर्ची नेणेही सुकर. उंबरठ्याबरोबर त्याचे कामही गेले. फरशीला घासू नये म्हणून सुतार दार खालून थोडे वर ठेवतो, आणि त्या फटीतून धूळ, झुरळे व दूरदर्शनचा आवाज हे तिघेही विनासायास आत येतात.

फट एक सेंटिमीटरची असली की ती क्षुल्लक वाटते. परंतु 900 मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली 12 मिलिमीटरची फट असेल तर तिचे क्षेत्रफळ 108 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दारात जवळजवळ दहा बाय दहा सेंटिमीटरचे भोक पाडून ठेवल्यासारखेच. झुरळाला तर याच्या अंशानेही भागते. बर्कली येथील विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, उभे असताना सुमारे 12 मिलिमीटर उंच असणारे मोठे झुरळ अंग चेपून 3 मिलिमीटरच्या फटीतूनही पार होते. फट ‘कमी करणे’ कीटकांच्या बाबतीत म्हणूनच पुरेसे नसते. ती बंदच करावी लागते.

आवाजाचा हिशेब याहून उद्बोधक आहे. समजा, भरीव लाकडी दार एकटे 30 डेसिबलपर्यंत आवाज अडवू शकते. त्याच्याखाली वरीलप्रमाणे 12 मिलिमीटरची फट राहिली, तर गणिताने ही क्षमता 22 डेसिबलच्या आसपास उतरते. दार बदलून 40 डेसिबल अडवणारे महागडे दार बसवले तरी आकडा 22 च्या फारसा पुढे सरकत नाही, कारण आवाज दारातून येतच नसतो, फटीतून येत असतो. उलट, आतून पोकळ असणारे हलके फ्लश दार मुळात 20 डेसिबलच अडवत असेल, तर फटीसह ते 18 पर्यंत येते. फट बंद केल्याने मिळणारा फायदा दोन डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा. दारावर बोटांनी टकटक करून ते भरीव आहे की पोकळ, हे आधी ओळखावे. पोकळ दाराच्या बाबतीत धूळ व कीटक थांबतील, शांततेची अपेक्षा मात्र माफक ठेवावी.

हार्डवेअरच्या दुकानात यावर तीन प्रकारच्या वस्तू मिळतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला ब्रश धूळ व कीटकांना बऱ्यापैकी रोखतो आणि फरशीवर हलका सरकतो. आवाज मात्र त्याच्या केसांमधून सहज जातो. त्याच पट्टीत रबराची किंवा सिलिकॉनची जीभ असेल तर ती आवाजालाही अडवते. तिसरा प्रकार कापडी खोळीतील दोन फोमच्या नळ्यांचा, जो दाराखालून सरकवून ठेवला जातो. तो स्वस्त आहे. परंतु फरशी पुसताना भिजतो आणि त्याच्या खोळीत केर साचतो.

वस्तू आणण्यापूर्वी मोजमाप करावे. एक उदाहरण घेऊ. खोलीच्या आत उघडणाऱ्या 900 मिलिमीटरच्या दाराखाली बिजागरीच्या बाजूस 12, मध्ये 10 आणि कुलपाच्या बाजूस 8 मिलिमीटर फट आढळली. त्याच वेळी दाराच्या वरच्या कडेला कुलपाच्या बाजूची फट जास्त दिसते. याचा अर्थ फरशी वाकडी नसून दार खाली झुकले आहे. अशा वेळी पट्टी लावण्याची घाई करू नये. वरच्या बिजागरीचे सैल झालेले स्क्रू काढून किंचित लांब स्क्रू घट्ट बसवावेत. दार सरळ झाल्यावर फट सर्वत्र साधारण 12 मिलिमीटर होते. यानंतर दार अर्धे व पूर्ण उघडून पुन्हा मोजावे, कारण फरशी मध्येच उंच असू शकते. आपल्या उदाहरणात दार अर्धे उघडल्यावर अंतर 9 भरले. तीन मिलिमीटरचा हा फरक रबराची जीभ वाकून सहन करते. तो सात-आठ मिलिमीटरचा असता, तर साधी पट्टी घासून फाटली असती. तेथे दार बंद होताना चौकटीवर दाबल्या जाणाऱ्या कळीने खाली उतरणारी आणि उघडताच वर जाणारी पट्टी लागते. ती महाग असते, आणि दारात खोबण करून बसवायची झाल्यास दार भरीव असावे लागते.

पट्टी दार ज्या बाजूस उघडते त्या बाजूवर बसवावी. दुसऱ्या बाजूस चौकटीचा खाचा आडवा येतो. तेथे पट्टी दोन्ही टोकांना आखूड कापावी लागते आणि नेमक्या त्या कोपऱ्यांतून झुरळे येतात. कापण्यापूर्वी रबर थोडे बाजूस सरकवून फक्त ॲल्युमिनियम करवतीने कापावे, रबर नंतर चाकूने. दार बंद ठेवून, जीभ फरशीला जेमतेम टेकेल अशी पट्टी धरावी व लांबट भोकांच्या मध्यावर स्क्रू बसवावेत, म्हणजे पुढे वर-खाली करता येते. पोकळ दारात स्क्रू अगदी खालच्या लाकडी पट्टीतच जायला हवेत. मग दाराखालून कागदाची पट्टी ओढून पाहावी: किंचित अडून ती निघाली पाहिजे. कागद सहज सुटला तर फट उरली आहे. मुळीच हलला नाही तर रबर जास्त दाबले गेले आहे, कुलूप लागताना त्रास होईल. रात्री खोलीत अंधार करून बाहेरचा दिवा लावला की उरलेल्या फटी प्रकाशाने आपोआप दिसतात. त्या बाजूंनाही दिसल्या तर चौकटीच्या खाचेत चिकटणारी रबरी पट्टी लावावी. एरवी आवाज तेथूनच वाट काढतो.

फट 20 मिलिमीटर वा अधिक असेल तर जिभेला ताण पडतो. तेथे ग्रॅनाइटची वा ॲल्युमिनियमची बुटकी उंबरठापट्टी दाराखाली चिकटवणे अधिक चांगले. तिची उंची 12 मिलिमीटरच्या आत आणि दोन्ही कडा उतरत्या असाव्यात. घरात वृद्ध माणसे असतील तर तिचा रंग फरशीहून वेगळा निवडावा. रात्री पाय अडखळतो तो न दिसणाऱ्या पट्टीला.

बदलीच्या नोकरीत भाड्याच्या घराच्या दाराला स्क्रू मारणे अनेकदा शक्य नसते. तेथे चिकटणारी सिलिकॉन पट्टी वापरता येते. दाराची कड स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि पट्टी लावल्यावर एक दिवस दाराखाली पाणी जाऊ देऊ नये. रोज फिनेलच्या पाण्याने फरशी पुसली जात असेल तर टोकांकडून ती सुटू लागते, म्हणून टोके अधूनमधून दाबून पाहावीत.

खोलीला लागून स्नानगृह असेल तर एक गोष्ट आधी तपासावी. तेथील एक्झॉस्ट पंखा बाहेर टाकतो तेवढी हवा कोठून तरी आत यावी लागते, आणि अनेक घरांत तिची वाट हीच फट असते. ती बंद झाल्यावर पंखा नुसता घुमतो, दार ओढल्यासारखे जड लागते. अशा वेळी पंखा चालू असताना खिडकीची एक झडप उघडी ठेवावी. साध्या स्प्लिट वातानुकूलन यंत्रातून बाहेरची ताजी हवा येत नाही, हेही विसरू नये. फट बुजवलेल्या खोलीत सकाळी कोंदट वाटत असेल तर कारण हेच. अशा खोलीत डास मारण्याची कॉइल पेटवू नये, आणि लागून असलेल्या स्नानगृहात गॅस गीझर असेल तर तो बाहेर हलवल्याखेरीज ही फट बुजवूच नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही.