जुन्या प्रेक्षकांना मेंबरशिप कशी सांगावी?

लेखमाला : चॅनलचा कारभार, भाग ७

गेल्या भागात यूट्यूबवरच्या मेंबरशिपची किंमत आणि तिच्यासोबत काय द्यायचं, हे ठरवलं. आता ती जाहीर करायची. नवा प्रेक्षक ‘जॉइन’ हे बटण पाहतो आणि पुढे जातो. चार-पाच वर्षं सोबत असलेल्या माणसाला मात्र पहिली शंका येते ती अशी : आजवर फुकट मिळणारं आता बंद होणार का? जाहीर करणाऱ्या पोस्टने सर्वात आधी या शंकेचं उत्तर द्यायला हवं.

त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. मोबाइलवर लांब पोस्टच्या सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर उघडावा लागतो. सुरुवातीला आभार आणि प्रवासाच्या आठवणी आल्या, तर न उघडणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं की चॅनल आता पैसे मागतंय. म्हणून काय बदलणार नाही ते आधी लिहावं. नवं काय, किंमत किती, पैसे कशाला आणि थांबायचं कसं, हे सगळं त्यानंतर.

समजा, पेटीवर भजनं शिकवणारं एक चॅनल आहे. प्रेक्षकांत निवृत्त मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासाठी पोस्ट अशी लिहिता येईल :

“नमस्कार मंडळी. रविवारचा धडा पूर्वीसारखाच सगळ्यांसाठी मोफत राहील. जुना एकही व्हिडिओ बंद होणार नाही. येत्या महिन्यापासून ज्यांना हवं त्यांच्यासाठी मेंबरशिप सुरू करतोय. महिन्याला ५९ रुपये. त्यात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तासभर लाइव्ह शंका-समाधान होईल. या पैशांतून तबल्याच्या साथीदाराचं मानधन देऊ. सबस्क्राइब केलेल्यांना वेगळं काही करायचं नाही, ते मोफतच आहे. मेंबर झालात, तर दर महिन्याला पैसे आपोआप जातील. कधीही रद्द करता येईल आणि भरलेला महिना संपेपर्यंत सोयी चालू राहतील. मेंबरच्या नावापुढे कमेंटमध्ये बॅज दिसतो, एवढं लक्षात असू द्या. मेंबर झाला नाहीत तरी तुमच्या शंकांना कमेंटमध्ये पूर्वीसारखीच उत्तरं देऊ.”

यात वचन एकच आहे, महिन्यातून एक तास. पहिल्या उत्साहात दर आठवड्याचं लाइव्ह, नोटेशनच्या पीडीएफ, नव्या धड्यांची आगाऊ झलक असं सगळं कबूल केलं, तर दोन-तीन महिन्यांत वेळापत्रक कोलमडतं. मग पैसे भरणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. आजारपण किंवा प्रवास आला तरी पाळता येईल तेवढंच लिहावं.

सबस्क्राइब आणि जॉइन यांचा घोळ हमखास होतो, म्हणून ते वाक्य गाळू नये. बॅजचा उल्लेखही गरजेचा, कारण आपण पैसे देतो हे चारचौघांत दिसू नये असं काहींना वाटतं. आयफोनच्या अ‍ॅपमध्ये किंमत जास्त दिसू शकते. तशी दिसत असेल तर तेही आधीच सांगावं.

पैशांचा हिशेब कुणी विचारला, तर कमेंटमध्ये मोकळेपणाने द्यावा. ५९ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरला, तर तो वगळून ५० उरतात. करापोटीची आणि अ‍ॅप स्टोअरची वजावट झाल्यावर उरलेल्या रकमेतले ७० टक्के यूट्यूब चॅनलला देतं. म्हणजे अ‍ॅप स्टोअरचं शुल्क नसेल तेव्हा साधारण ३५ रुपये. शंभर मेंबर झाले तर महिन्याला साडेतीन हजार. तबलजीचं मानधन त्याहून जास्त असेल, तर “या पैशांतून देऊ” ऐवजी “मानधनाला हातभार लागेल” असं लिहावं.

दबाव बहुधा प्रेमळ वाक्यांतूनच शिरतो. ‘खरे रसिक नक्की साथ देतील’ असं लिहिलं, की पैसे न देणारा आपोआप खोटा ठरतो. ‘आता तुमची पाळी’ म्हटलं, की इतक्या वर्षांचं पाहणं ही उधारी होते. ‘पहिल्या पन्नास जणांनाच’ ही घाई मुद्दाम निर्माण केलेली असते. पेन्शनवर घर चालवणाऱ्या श्रोत्याने ही वाक्यं वाचली तर त्याला कसं वाटेल, हे मनात आणावं आणि ती काढून टाकावीत.

पोस्ट टाकल्यावर एक-दोन दिवस कमेंट नीट वाचाव्यात. “म्हणजे आता पैसे भरावे लागणार का?” असं तीन-चार जणांनी विचारलं, तर चूक वाचणाऱ्यांची नाही, पहिल्या ओळींची आहे. पोस्ट संपादित करून त्या ओळी सुधाराव्यात आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यावं. त्यानंतर हीच घोषणा दर आठवड्याला पुन्हा करू नये. व्हिडिओखालच्या वर्णनात एक ओळ पुरे. ज्यांना यायचं ते आपल्या सवडीने येतील.

पुढच्या भागात : पहिलं मेंबर-लाइव्ह कसं आखावं.